गाण्याच्या आधीचं अर्धं मिनिट

“चांगली बोलत असतात माणसं आणि एकदम गायलाच लागतात. मला नाही बघवत.” इंग्रजी म्युझिकलबद्दल हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. एकच विचारते: नेमकं कुठं बिनसलं? गाणं संपता संपता, मध्ये, की सुरू होतानाच? जवळजवळ सगळे म्हणतात, सुरू होताना. म्हणजे तक्रार गाण्याबद्दल नसते. ती बोलण्यातून गाण्यात जातानाच्या त्या अर्ध्या मिनिटाबद्दल असते. अशा माणसासाठी सिनेमा निवडायचा तर तेवढं अर्धं मिनिट तपासायचं, बाकीचं नंतर.

आमच्याकडे, नाशकात गंगापूर रोडला, शनिवारी रात्री सगळे जमतात. इंदिरानगरहून मोठे दीर, जाऊबाई आणि पुतणी येतात, सासूबाई असतातच. जेवणं लवकर आटोपून एक सिनेमा बघायचा, असा शिरस्ता आहे आणि सिनेमा निवडायचं काम माझ्याकडे आहे. मला म्युझिकल मनापासून आवडतात, आणि ज्यांच्यासोबत बघायचे त्यातल्या तिघांना आवडत नाहीत. या तिघांची तक्रार शब्दाला शब्द एकच आहे, पण खोदून विचारलं तर तीन निघतात.

भाऊजींनी सगळं आयुष्य अंबडच्या एका कारखान्यात मशिनींच्या देखभालीत काढलं. त्यांचा प्रश्न असतो, “हा वाद्यवृंद बसलाय कुठं? खोलीत तर दोघंच आहेत.” पुतणी कॉलेजात आहे. तिला वाद्यवृंदाशी देणंघेणं नाही, तिला लाज वाटते. “काकू, तो आता गाणार हे मला दोन सेकंद आधी कळतं आणि मी उशीत तोंड घालते,” असं ती म्हणते, आणि खरोखर घालते. जाऊबाईंचं म्हणणं असं की गोष्ट थांबते. तिघांना एकच सिनेमा लावला तर एक जण सुखावतो आणि दोन तक्रारी पक्क्या होतात.

गंमत म्हणजे हे तिघंही गाण्यांत वाढलेले. भाऊजींच्या गाडीत जुनी हिंदी गाणी अखंड चालू असतात. नायक काश्मिरात गातोय आणि मागे पन्नास व्हायोलिनं वाजताहेत, तेव्हा त्यांना वाद्यवृंद कुठं बसलाय हा प्रश्न पडत नाही. मी एकदा त्यांना तसं विचारलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “अगं, तिथं ठिकाणच बदलतं ना.” मला वाटतं, त्यांनी अगदी मर्मावर बोट ठेवलं. आपल्या सिनेमात गाणं आलं की कपडे बदलतात, जागा बदलते आणि मुख्य म्हणजे आवाज बदलतो. नटी बोलते एका आवाजात आणि गाते लताबाईंच्या आवाजात, हे लहान मुलालाही माहीत असतं. गोष्ट जरा बाजूला ठेवली, आता गाणं, असा उघड करार असतो. पाश्चात्त्य म्युझिकलच्या रूढ साच्यात हा करार नसतो. तोच माणूस, त्याच स्वयंपाकघरात, त्याच आवाजात, अर्धवट राहिलेलं वाक्यच पुढे गाऊ लागतो. आपल्याला सवय आहे दार उघडून दुसऱ्या खोलीत जायची, आणि इथं दारच नसतं.

संगीत नाटकात ते दार फार विचारपूर्वक बांधलेलं असे. सासूबाई तरुणपणी नाशकात नाटकं बघत. वसंत कानेटकर इथलेच, एचपीटी कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे त्यांच्या नाटकांबद्दल त्यांना घरचं असल्यासारखी आपुलकी. ‘मत्स्यगंधा’ हे कानेटकरांचं १९६४ सालचं नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्याच्या पदांबद्दल बोलताना त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. पद येणार हे नटाच्या आधी ऑर्गनवाला सांगतो. नटाचं शेवटचं वाक्य चालू असतानाच खालून सूर लागतो, हळूच. प्रेक्षक खुर्चीत जरा पुढे सरकतो. वाक्य संपतं तेव्हा नट त्या सुरावर उभाच असतो, आणि ऑर्गनवाला नि तबलजी कुठं बसलेत ते सगळ्यांना दिसतही असतं. भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर समोरच बसलेलं असे म्हणा ना.

हे ऐकल्यापासून मी परदेशी म्युझिकल निवडताना दोनच गोष्टी बघते. गाण्याचा सूर कुठून येतो, आणि तो येतोय हे आपल्याला आधी कळतं का. त्यासाठी अख्खा सिनेमा आधी बघावा लागत नाही. पहिलं गाणं एकटीनं बघायचं, तेही हेडफोन लावून. हेडफोन अशासाठी की बराचसा घोटाळा आवाजाचा असतो. बहुतेक म्युझिकलमध्ये गाणी आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतात आणि चित्रीकरणाच्या वेळी नट त्यावर ओठ हलवतात. त्यामुळे बोलणं असतं खोलीतलं, त्यात पंख्याची घरघर, रस्त्यावरचे आवाज, कपड्यांची सळसळ. गाणं लागलं की हे सगळं एका क्षणात नाहीसं होतं आणि स्टुडिओतला स्वच्छ, जवळचा आवाज कानावर येतो. डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. ‘एकदम’ गायला लागले असं जे वाटतं त्यात या तुटलेल्या आवाजाचा वाटा मोठा असतो. २०१२ सालच्या ‘ले मिझराब्ल’मध्ये हे टाळायला नटांना सेटवरच प्रत्यक्ष गायला लावलं होतं. कानात लहानसा श्रवणयंत्रासारखा तुकडा, त्यात सेटबाहेर बसलेला पियानोवादक साथ करतोय, आणि वाद्यमेळ नंतर चढवलेला. अ‍ॅन हॅथवेचं एकटीचं गाणं त्यात जवळपास सलग एकाच शॉटमध्ये, चेहऱ्यावर कॅमेरा रोखून घेतलंय. तिचा श्वास अडकतो, तो अडकलेला ऐकू येतो.

घरचा टीव्ही यात आणखी भर घालतो. सिनेमाचं ध्वनिमिश्रण थिएटरसाठी केलेलं असतं, त्यामुळे बोलणं हळू आणि गाणं मोठं. टीव्हीच्या आतल्या बारीक स्पीकरवर बोलणं कळावं म्हणून आपण आवाज वाढवून ठेवतो, आणि गाणं अंगावर येतं. भाऊजींचा हात गाण्याच्या पहिल्या सुरालाच रिमोटकडे जातो, हे मी कितीदा तरी पाहिलंय. आता मी आधी गाण्यापाशी सिनेमा नेऊन आवाज तिथं बेतून घेते, बोलणं समजायला सबटायटल लावते, आणि टीव्हीच्या सेटिंगमधला रात्रीचा आवाज चालू करते, त्यानं मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी होतं. एवढ्यानंही तक्रार बरीच बोथट होते.

तर भाऊजींसाठी मी निवडला तो ‘वन्स’. जॉन कार्नीचा, २००७ सालचा, डब्लिनमध्ये घडणारा, दीड तासाच्या आतला. नायक वडिलांच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो आणि रस्त्यावर गिटार वाजवून गातो. नायिका चेक देशातून आलेली, पोटासाठी मिळेल ते काम करणारी. दोघांना नावंच नाहीत. ती आपला बिघडलेला व्हॅक्यूम क्लीनर दोरी लावल्यासारखा रस्त्यानं ओढत त्याच्याकडे आणते, तिथंच भाऊजी सिनेमात शिरले. एक सूचना मात्र आधी द्यायला हवी, सुरुवातीलाच शिव्या आहेत आणि बऱ्याच आहेत. सासूबाईंना मी ते आधी सांगून ठेवलं. त्यांनी जपमाळ घेतली आणि बसल्या.

या सिनेमातला प्रत्येक सूर कुठून येतो ते दिसतं. रस्त्यावर तो गातो तर हातात गिटार आहे, समोर पैशांसाठी उघडी पेटी आहे. तो वाद्यांच्या दुकानातला प्रसंग तर पुन्हा पुन्हा बघण्यासारखा. तिच्या घरी पियानो नाही, म्हणून दुपारच्या वेळी दुकानदार तिला दुकानातला वाजवू देतो. तो गिटार घेऊन शेजारी बसतो, आपल्या नव्या गाण्याचे कॉर्ड तिला तोंडी सांगतो. ती चाचपडत वाजवते. तो दबकत गायला लागतो, ती खालच्या आवाजात साथ धरते, मग कुठं गाणं अंगात येतं. म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीचं ते अर्धं मिनिट दिग्दर्शकानं चांगलं लांबवलंय, आणि आपण त्यात शिकणाऱ्याच्या जागी बसलेले असतो. पुढे याच गाण्याला ऑस्कर मिळालं. भाऊजी एकदाही रिमोटकडे वळले नाहीत. त्यांना हे गाणं सुरू झालंय असं वाटलंच नाही, काम चाललंय असं वाटलं.

पण मी हा सिनेमा निवडला तो खरा पुढच्या एका प्रसंगासाठी. नायकानं तिला एक सीडी प्लेअर दिलाय, त्यात त्याची चाल आहे, तिनं त्यावर शब्द लिहायचेत. रात्री ती हेडफोन लावून ऐकत बसते आणि बॅटऱ्या संपतात. ती लेकीच्या गल्ल्यातले पैसे घेते, घरातल्याच कपड्यांत कोपऱ्यावरच्या दुकानात जाते, बॅटऱ्या घेते, तिथंच घालते आणि परत निघते. आणि चालता चालता स्वतः लिहिलेले शब्द त्या चालीवर गायला लागते. संगीत आपल्यालाही पूर्ण ऐकू येतं. कॅमेरा तिच्यासमोरून मागे मागे सरकत राहतो, ती रस्त्यानं गात येते.

आता जरा बघा. रात्रीची वेळ, मोकळा रस्ता, एकटी बाई पूर्ण संगीतावर गात चाललीय. म्युझिकलमधलं जे जे भाऊजींना खपत नाही ते सगळं इथं आहे. आजूबाजूच्यांना संगीत ऐकू येत नाही, आपल्याला येतं. फरक एवढाच की ते तिच्या कानात आहे हे आपल्याला माहीत आहे, आणि त्यासाठी तिनं बॅटऱ्या विकत आणल्यात. दिग्दर्शकानं एका हेडफोनच्या जोरावर अस्सल म्युझिकलचं गाणं गुपचूप आत आणलंय. सिनेमा संपल्यावर मी भाऊजींना हे दाखवलं, तो प्रसंग परत लावला. ते म्हणाले, “म्हणजे कारण दिलं की मला चालतं.” मी म्हटलं, “हो, आणि आता बघूया किती कमी कारणात चालतं ते.”

इथंच बरेच जण थांबतात. ज्यांना माणसं एकदम गायलेली आवडत नाहीत त्यांना गायकांच्या गोष्टी दाखवा, रंगमंचावर गाणारी पात्रं दाखवा, की झालं. आपल्याकडेही या जातीचं उत्तम काम आहे. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ घ्या, विष्णुपंत पागनीस त्यात गातात तेव्हा कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, तुकोबांनी अभंग म्हणायचा नाही तर काय करायचं! पण नुसतं एवढ्यावर राहिलो तर माणसाची तक्रार जशीच्या तशी राहते, तिला फक्त धक्का लागत नाही. मला भाऊजींना त्या अर्ध्या मिनिटापलीकडे न्यायचं होतं. म्हणून पुढचा निवडला ‘कॅबरे’.

बॉब फॉसीचा हा सिनेमा १९७२ सालचा. गोष्ट १९३१ च्या बर्लिनमधली, नाझी अजून सत्तेवर आलेले नाहीत, पण रस्त्यावर दिसू लागलेत. आधी हे १९६६ सालचं रंगमंचावरचं म्युझिकल होतं आणि त्यात पात्रं क्लबच्या बाहेरही गात. फॉसीनं सिनेमा करताना ती गाणी काढून टाकली. उरलेली गाणी क्लबच्या रंगमंचावर होतात, वादक मागे बसलेले दिसतात, निवेदक कार्यक्रमाची ओळख करून देतो. भाऊजींच्या दृष्टीनं हिशेब चोख. जाऊबाईंसाठीही हा बरा, कारण इथं गोष्ट थांबत नाही. बाहेर जे घडतं त्यावरच क्लबातलं गाणं टिप्पणी करतं, मध्ये मध्ये कापून दोन्ही शेजारी शेजारी दाखवलेलं असतं. विषय मोठ्यांचा आहे, गर्भपात आहे, स्त्री-पुरुष संबंधांची सरमिसळ आहे. घरच्या शनिवारी कोण कोण बसलंय ते बघून लावावा. आम्ही तो सासूबाई पुण्याला गेल्या होत्या तेव्हा बघितला.

फॉसीनं स्वतःच घातलेला हा नियम एकदाच मोडलाय. गावाबाहेरची एक बिअर गार्डन, दुपारचं ऊन, कुटुंबं टेबलांभोवती बसलीत. एक मुलगा गायला लागतो. कॅमेरा फक्त त्याच्या चेहऱ्यावर. सोनेरी केस, कोवळा गोड आवाज, शब्द कुरणाचे, नदीचे. ऐकणारे माना डोलावतात. मग कॅमेरा हळूहळू खाली येतो आणि गणवेश दिसतो, दंडावर स्वस्तिकाची पट्टी दिसते. आवाज चढतो. एक मुलगी उभी राहून गायला लागते, मग एक माणूस, मग टेबलच्या टेबल. सगळ्यांना शब्द पाठ आहेत. टोपी घातलेला एक म्हातारा तेवढा बसून राहतो, कसनुसा चेहरा करून. कुठून आलं हे संगीत, एवढा वाद्यमेळ बागेत कुठून आला, काही सांगितलेलं नाही.

म्युझिकल न आवडणाऱ्यांची एक ठरलेली हरकत असते, रस्त्यावरच्या सगळ्या लोकांना एकदम एकच गाणं कसं येतं? या प्रसंगात तीच हरकत अंगावर काटा आणते. सगळ्यांना एकच गाणं येतं, हीच तर भीती. भाऊजी पुढे सरकून बसले होते. त्यांना जे आजवर खोटं वाटत आलं तेच इथं सगळ्यात खरं होतं, आणि ते दाखवायला बोलून चालणार नव्हतं, गायलाच हवं होतं. एखादा नाझी पुढारी भाषण करताना दाखवला असता तर आपण लांबून बघितलं असतं. पण चाल गोड आहे, आपलाही पाय ठेका धरतो, आणि मग पट्टी दिसते. (हे गाणं जुनं नाझी गीत आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही, नाटकासाठीच कँडर आणि एब या जोडीनं ते रचलंय.) सिनेमा संपल्यावर जेवणाच्या टेबलाशी त्यावरच बोलणं चाललं होतं. वाद्यवृंद कुठं होता, हे भाऊजींनी विचारलं नाही.

पुतणीला यातलं काहीच उपयोगी नव्हतं. ‘वन्स’ तिला ठीक वाटला, ‘कॅबरे’ आवडला, पण तिची लाज जिथल्या तिथं. तिचं दुखणं वेगळं होतं. पडद्यावरचा माणूस बोलणं सोडून गाण्यात शिरतो तेव्हा तो सगळ्यांसमोर उघडा पडतो असं तिला वाटतं. कारण देऊन ते जात नाही, कारण दिलं तर उलट ती त्या क्षणाची वाट बघत अवघडून बसते. तिला तिच्या मैत्रिणी ‘ला ला लँड’ सुचवत होत्या, नवा आहे, रंगीत आहे म्हणून. २०१६ सालचा हा सिनेमा मलाही आवडतो, पण तिच्यासाठी पहिला म्हणून नाही. तो उघडतोच हायवेवरच्या ट्रॅफिक जॅममध्ये, गाड्यांतून उतरून सगळे गातात, टपांवर नाचतात. मधला मोठा भाग त्या मानानं शांत आहे, पण तिथवर पोचेपर्यंत उशी तोंडावर गेलेली असणार.

ज्याला बोलण्यातून गाण्यात जाणं सोसत नाही त्याला ते जाणंच नसलेला सिनेमा द्यावा, असं मला वाटतं. म्हणजे ज्यात कुणी बोलतच नाही. ऐकायला हे उफराटं वाटतं, म्युझिकल न आवडणाऱ्याला पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत गाणं! पण ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर’ हा फ्रेंच सिनेमा नेमका असा आहे. जाक देमीचा, १९६४ सालचा, संगीत मिशेल लग्रांचं, कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला. छत्र्यांच्या दुकानातली मुलगी आणि गॅरेजमधला मुलगा, मध्ये अल्जीरियाचं युद्ध, एवढीच गोष्ट. पण “छत्री दाखवू का” पासून “मला पोस्टिंग आलंय” पर्यंत प्रत्येक वाक्य गाऊन म्हटलंय.

सिनेमा सुरू होतो गॅरेजमध्ये. पावसाळी संध्याकाळ, नायक एका गिऱ्हाइकाला सांगतोय की इंजिन थंड असताना अजून थोडं खडखडतं, पण ते तसंच असतं. हे गाऊन. कामावरून सुटताना मेकॅनिक हात धुताहेत, संध्याकाळचे बेत चाललेत. नायक ऑपेराला जाणार म्हणतो. त्यावर एक सहकारी म्हणतो, हे सगळे गात सुटतात ते मला नाही सोसत, मला आपला सिनेमा बरा. हेही गाऊन! देमीनं पहिल्या काही मिनिटांतच पुतणीचीच तक्रार तिच्यासमोर ठेवलीय, आणि ती करणारा स्वतः गातोय हे त्याला माहीतसुद्धा नाही. तिथं ती पहिल्यांदा हसली आणि उशी खाली राहिली.

तरी पहिली दहा मिनिटं कठीण जातात, हे आधी सांगून ठेवावं. मी तिला एवढंच सांगितलं होतं की दहा मिनिटांनंतरही नकोसं झालं तर बंद करू. दहा मिनिटांत कान बदलतो. सगळेच गातात म्हटल्यावर गाणारा कुणी वेगळा पडत नाही, उघडा पडत नाही. गाणं हीच त्या गावाची बोली होऊन जाते. आपण कीर्तनाला बसतो तेव्हा बुवा बोलता बोलता गायला लागले म्हणून कुणी दचकत नाही, त्यातलंच काहीसं. आणखी एक मदत अशी की इथं चाली बोलण्याच्या अंगानं जातात, छोट्या छोट्या, कडवं-धृपद असा थाट फारसा नाही, त्यामुळे आता गाणं सुरू झालं, आता टाळ्या, असा क्षण येत नाही. जे दोन-तीन मोठे सूर आहेत ते फिरून फिरून येतात, आणि स्टेशनवरच्या निरोपाला त्यातलाच एक पूर्ण भरून येतो. तोवर आपण तो सूर मनात वागवत असतो.

या सिनेमाची मर्यादाही आहे. सगळ्या नटांना गायकांचे आवाज दिलेत, कॅथरीन दनव्हसुद्धा स्वतः गात नाही. ज्याचे डोळे ओठांवर असतात त्याला ते खटकू शकतं. भाऊजींना खटकलं. पण आपल्या हिंदी सिनेमाच्या सवयीनं तेही लवकर मुरलं, आणि फ्रेंच कुणालाच येत नसल्यामुळे डोळे बराच वेळ सबटायटलवर होते, हेही खरं.

जाऊबाईंची गोष्ट थांबण्याची तक्रार मात्र मला उशिरा उलगडली, तीही याच सिनेमाच्या वेळी. हिंदी सिनेमा बघताना गाणं लागलं की त्या उठतात. दूध बघून येतात, मुलाला फोन करून येतात. आपल्या सिनेमात हे चालतं, बहुतेक गाण्यांतून परत येईपर्यंत गोष्ट जिथं होती तिथंच उभी असते. पाश्चात्त्य म्युझिकलमध्ये मात्र निर्णय गाण्यातच होतात. पात्र गाण्याच्या सुरुवातीला एक ठरवून असतं आणि शेवटी भलतंच. त्या दूध बघून येत तोवर गोष्टीचा सांधा निसटलेला असे, आणि मग पुढचं सगळं विनाकारण वाटे. ‘शेरबूर’मध्ये उठायला जागाच नाही. त्या सलग बसल्या, आणि शेवटच्या पेट्रोलपंपावरच्या प्रसंगात, बर्फ पडतंय, दोघं इतक्या वर्षांनी समोरासमोर आलीत आणि फारसं काही बोलत नाहीत, तिथं त्यांनी डोळे पुसले. नंतर म्हणाल्या, “थांबली नाही ग कुठं.” तेव्हापासून कुठलाही म्युझिकल लावायच्या आधी मी गॅस बंद करून घेते आणि त्यांना सांगते की गाण्यात उठायचं नाही, काही हवं असेल तर बोलणं चालू असताना उठा.

आता तिघांना एकत्र बसवून एक खराखुरा, कुठलंही कारण न देता गाणारा म्युझिकल लावायचा आहे. तो मी ठरवलाय, १९५२ सालचा ‘सिंगिंग इन द रेन’. यातली सगळी गाणी तिघांना रुचतील असं नाही, मधला एक लांबलचक नृत्याचा भाग जाऊबाईंना खात्रीनं थांबल्यासारखा वाटेल, कारण तिथं गोष्ट खरंच थांबते. पण ते पावसातलं गाणं मी पुन्हा हेडफोन लावून बघितलं, फक्त त्याचं पहिलं अर्धं मिनिट. नायक जीन केली नायिकेला दारात निरोप देतो. टॅक्सी उभी असते, तिला हातानंच जायला सांगतो. पावसात चालायला लागतो. चालण्याला ठेका आहे. मग तोंडानं नुसतं गुणगुणणं, शब्द नाहीत. मग छत्री मिटतो. मग शब्द येतात. बोलणं, चालणं, ठेका, गुणगुणणं, शब्द, अशा पायऱ्या आहेत, एकही गाळलेली नाही. ऑर्गनवाला वाक्याखालून सूर देतो तेच काम इथं पावलं करतात.

आणि गाण्याच्या शेवटी तो डबक्यांत पाय आपटत असतो तेव्हा एक पोलीस येऊन उभा राहतो आणि त्याच्याकडे बघतो. भाऊजी बघतात ना, अगदी तसं. केली ओशाळतो, फूटपाथवर येतो, चार शब्दांत आपण काय करतोय ते सांगतो आणि जाता जाता छत्री एका येणाऱ्याच्या हातात देऊन टाकतो. गाण्यातून परत बोलण्याच्या जगात यायलाही पायरी ठेवलीय, आणि त्या पायरीवर न पटणाऱ्या माणसाला उभं केलंय. येत्या शनिवारी हाच लावणार आहे. आवाज पावसाच्या गाण्यावर बेतून ठेवलाय, कारण टिनाच्या पत्र्यावर आपला पाऊस चालू असेल तर त्याचा पाऊस ऐकूच यायचा नाही.